वर्तुळे, रिक्त वर्ग आणि निष्कर्ष
ऑयलर ते व्हेन : संवाक्यपरीक्षेच्या एका पद्धतीचा इतिहास

संवाक्याची दोन्ही आधारविधाने सत्य असावीत, निष्कर्षही सत्य असावा, आणि तरीही तो निष्कर्ष त्या आधारविधानांतून निघत नसावा, असे घडू शकते. ‘सर्व वटवाघळे पंखयुक्त असतात, काही निशाचर प्राणी पंखयुक्त असतात, म्हणून काही निशाचर प्राणी वटवाघळे असतात,’ या संवाक्यातील तिन्ही विधाने सत्य आहेत. परंतु पहिल्या दोन विधानांनी तिसऱ्याला कोणताही आधार दिलेला नाही. निशाचर आणि पंखयुक्त असे प्राणी केवळ घुबडे असती, तरी दोन्ही आधारविधाने सत्यच राहिली असती. निष्कर्ष सत्य असणे आणि निष्कर्ष निघणे या दोन गोष्टी भिन्न होत. त्यांतील दुसरी डोळ्यांना दिसावी यासाठी तर्कशास्त्रज्ञांनी वर्तुळांचा आश्रय केला. मात्र वर्तुळ काढताना आपण नेमके काय गृहीत धरतो, हे स्पष्ट होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

वर्तुळांचा उपयोग लायब्निट्सनेही केला होता, पण त्याची ती हस्तलिखिते 1903 साली कूतुराने प्रसिद्ध करीपर्यंत अज्ञातच राहिली. पद्धतीचा प्रसार झाला तो गणिती लेओनार्ड ऑयलर याच्यामुळे. बर्लिन येथील अकादमीत असताना 1760 ते 1762 या काळात त्याने ब्रांडेनबुर्ग-श्वेड्ट घराण्यातील एका तरुण राजकन्येस फ्रेंच भाषेत शास्त्रीय विषयांवर पत्रे लिहिली. 1768 ते 1772 या वर्षांत ती सेंट पीटर्सबर्ग येथे ग्रंथरूपाने निघाली. त्यांतील 1761 सालच्या काही पत्रांत संवाक्याचे विवेचन आहे. ऑयलरची कल्पना साधी होती. प्रत्येक वर्गासाठी एक वर्तुळ घ्यावे आणि वर्गांचा परस्परसंबंध जसा असेल तशी वर्तुळे मांडावीत. ‘सर्व अ हे ब आहेत’ हे सांगावयाचे असल्यास अ चे वर्तुळ ब च्या पोटात काढावे. ‘कोणताही अ हा ब नाही’ यासाठी दोन वर्तुळे अलग ठेवावीत. अंशव्यापी विधानांसाठी ती परस्परांस छेदणारी काढावीत.

दोन्ही आधारविधाने सर्वव्यापी असली म्हणजे ही रीत फार सुबोध ठरते. अ ब च्या पोटात आणि ब क च्या पोटात असेल, तर अ क च्या पोटात असणारच. अडचण उद्भवते ती अंशव्यापी विधान आल्यावर. वर दिलेले वटवाघळांचे संवाक्यच घ्यावे. वटवाघळांचे वर्तुळ पंखयुक्तांच्या वर्तुळात काढले. आता निशाचरांचे वर्तुळ पंखयुक्तांस छेदले पाहिजे, परंतु ते आतील वटवाघळांच्या वर्तुळास स्पर्श करते की नाही, हे आधारविधाने सांगत नाहीत. ते पूर्णपणे बाहेर राहू शकेल, त्यास अंशतः छेदू शकेल किंवा त्यास सामावूनही घेऊ शकेल. काढणाऱ्याला मात्र यांपैकी कोणती तरी एक स्थिती निवडावीच लागते. ती निवड निष्कर्षाला अनुकूल झाली, तर चुकीचे संवाक्य शुद्ध भासते. ऑयलरला हे ठाऊक होते. म्हणून अशा प्रसंगी तो एकाहून अधिक आकृत्या काढून दाखवितो. निष्कर्ष सर्व आकृत्यांत टिकला तरच तो निघतो, हा त्याचा निकष बिनचूक आहे. पण सर्व आकृत्या काढून झाल्या हे कोणी ठरवावयाचे? फ्रेंच गणिती जेर्गोन याने पुढे दाखविल्याप्रमाणे दोन वर्गांत पाच प्रकारचे संबंध संभवतात : दोन्ही एकच असणे, पहिला दुसऱ्यात असणे, दुसरा पहिल्यात असणे, परस्परांस छेदणे आणि विभक्त असणे. ‘काही अ हे ब आहेत’ हे विधान यांपैकी पहिल्या चार संबंधांशी सुसंगत आहे. म्हणजे ऑयलरची आकृती विधानात नसलेली माहितीही आपल्याबरोबर आणते.

केंब्रिजचे जॉन व्हेन यांनी हा दोष नेमका ओळखला. जुलै 1880 मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आणि 1881 च्या ‘सिंबॉलिक लॉजिक’ या ग्रंथात त्यांनी वर्तुळांचा क्रमच उलटविला. वर्गांचे संबंध कळल्यावर वर्तुळे काढण्याऐवजी त्यांनी आधी सर्व संबंधांना जागा देणारी एकच चौकट आखली. तीन पदांसाठी परस्परांस छेदणारी तीन वर्तुळे काढली की बाहेरचा भाग धरून एकंदर आठ विभाग होतात. विधान काही सांगू लागेपर्यंत या आकृतीत कोणतीही माहिती नसते. ‘सर्व अ हे ब आहेत’ याचा अर्थ ‘ब नसलेला अ कोणीही नाही’ असा घेऊन अ चा ब बाहेरील भाग छायांकित करावयाचा. छाया म्हणजे रिक्तता. अंशव्यापी विधानांसाठी ‘येथे काहीतरी आहे’ असे दर्शविणारी खूण या पद्धतीत पुढे रूढ झाली. लुईस कॅरल यांनी 1886 च्या ‘द गेम ऑफ लॉजिक’ या पुस्तकात वर्तुळांऐवजी चौकोन घेतले आणि त्यांत भरलेल्या विभागासाठी तांबड्या, तर रिक्त विभागासाठी करड्या सोंगट्या ठेविल्या. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ पर्स यांनी वर्तुळांतच फुलीसारखी खूण योजिली. आजच्या पाठ्यपुस्तकांत दिसणारी ‘व्हेन-आकृती’ अशी अनेकांच्या हातून घडली आहे.

आता तेच संवाक्य या आकृतीवर तपासता येईल. वटवाघळे, पंखयुक्त आणि निशाचर अशी तीन वर्तुळे काढली. पहिल्या विधानानुसार पंखयुक्तांबाहेर राहणारा वटवाघळांचा भाग छायांकित झाला. दुसऱ्या विधानाची फुली निशाचर आणि पंखयुक्त यांच्या सामाईक भागात पडावयास हवी. परंतु वटवाघळांच्या परिघाने त्या भागाचे दोन तुकडे केले आहेत आणि त्यांपैकी एकही छायांकित नाही. फुली कोणत्या तुकड्यात आहे हे विधान सांगत नसल्यामुळे ती परिघावरच ठेवावी लागते. निष्कर्षाला ती परिघाच्या आत हवी होती. म्हणून निष्कर्ष निघत नाही. येथे अनेक आकृत्यांचा शोध घ्यावा लागला नाही. परिघावरील फुलीनेच आपले अज्ञान व्यक्त केले. याउलट ‘सर्व वटवाघळे सस्तन असतात, काही उडणारे प्राणी वटवाघळे असतात,’ अशी आधारविधाने असतील, तर उडणारे आणि वटवाघळे यांच्या सामाईक भागाचा सस्तनांबाहेरील तुकडा आधीच छायांकित झालेला असतो. फुलीला उरलेल्या एकाच तुकड्यात जावे लागते, आणि ‘काही उडणारे प्राणी सस्तन असतात’ हा निष्कर्ष न लिहिताच आकृतीत वाचता येतो. यावरून एक नियमही मिळतो. सर्वव्यापी विधान नेहमी आधी रेखाटावे. अन्यथा फुली विनाकारण परिघावर पडते आणि शुद्ध संवाक्य अशुद्ध वाटू लागते.

या पद्धतीची खरी कसोटी लागते ती पारंपरिक तर्कशास्त्रात ‘डाराप्टी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संवाक्यप्रकारात. त्यात मध्यपद दोन्ही ठिकाणी उद्देश्य असते : ‘सर्व म हे प आहेत, सर्व म हे स आहेत, म्हणून काही स हे प आहेत.’ अॅरिस्टॉटलने हा प्रकार मान्य केला होता आणि ऑयलरच्या वर्तुळांतही तो निर्विवाद दिसतो. म चे वर्तुळ प मध्येही आहे आणि स मध्येही आहे, तेव्हा प आणि स यांना सामाईक प्रदेश असलाच पाहिजे. व्हेन-आकृतीत मात्र असे होत नाही. म चा प बाहेरील भाग छायांकित होतो आणि स बाहेरील भागही होतो. तिन्ही वर्तुळांना सामाईक असा मधला विभाग तेवढा पांढरा राहतो. निष्कर्षाला तेथे किंवा प आणि स यांच्या सामाईक भागात अन्यत्र फुली हवी, आणि फुली कोठेच नाही. या ठिकाणी विद्यार्थ्यांचा हमखास होणारा प्रमाद असा की, पांढऱ्या विभागाला ते भरलेला समजतात. या आकृतीत छाया म्हणजे ‘काही नाही’, फुली म्हणजे ‘काहीतरी आहे’ आणि पांढरेपणा म्हणजे केवळ ‘माहिती नाही’.

हा भेद निव्वळ तांत्रिक नव्हे, हे आपल्या परंपरेतील शशशृंगाच्या दृष्टान्ताने समजून घेता येते. ‘सर्व शशशृंगे ही शिंगे होत, सर्व शशशृंगे सशाच्या डोक्यावर उगवणाऱ्या वस्तू होत, म्हणून सशाच्या डोक्यावर उगवणाऱ्या काही वस्तू शिंगे होत.’ आधारविधाने शब्दाच्या व्याख्येनेच सत्य ठरतात. निष्कर्ष उघड असत्य आहे. ऑयलरच्या रीतीत ही आपत्ती दिसूच शकत नाही, कारण शशशृंगांसाठी वर्तुळ काढले की त्याला आतली जागा येतेच. रिक्त वर्ग दाखविण्याचे साधनच त्या आकृतीत नाही. वर्ग अस्तित्वात आहे हे गृहीतक कोणत्याही विधानातून न येता कागदावरील रेषेतून शिरले होते. ‘मध्यपदाचा वर्ग रिक्त नाही’ हे तिसरे विधान उघडपणे जोडल्यास व्हेन-आकृतीतील पांढऱ्या विभागात फुली पडते आणि डाराप्टी पुन्हा शुद्ध होते. परंपरेने नावे दिलेल्या 19 शुद्ध प्रकारांपैकी डाराप्टी, फेलाप्टन, ब्रामांटिप आणि फेसापो या चारांना असे जोडविधान लागते. उरलेले 15 त्यावाचून उभे राहतात.

तथापि आकृतीने वाद संपविला असे मानणे योग्य होणार नाही. ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ आकृती ठरवीत नाही. तो ठरवून आपण तिच्याकडे जातो. कॅरल यांनी ‘सर्व अ हे ब आहेत’ या विधानात ‘काही अ हे ब आहेत’ हेही अंतर्भूत मानले. त्यामुळे त्यांच्या चौकोनांत तांबडी सोंगटी आपोआप पडते आणि डाराप्टी शुद्ध ठरते. भाषेचा व्यवहार पाहू गेल्यास दोन्ही बाजूंना आधार सापडतो. ‘उशिरा येणाऱ्या सर्व परीक्षार्थींना प्रवेश नाकारला जाईल’ ही सूचना कोणीही उशिरा न आल्यास खोटी ठरत नाही. किंबहुना तसे व्हावे याकरिताच ती लावलेली असते. उलट ‘त्यांची सर्व मुले परदेशी आहेत’ असे निपुत्रिक गृहस्थाविषयी कोणी म्हटले, तर ऐकणारा त्यास केवळ सत्य मानून स्वस्थ बसणार नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्ट्रॉसन यांनी 1952 साली याच अनुभवावर बोट ठेवून असे प्रतिपादन केले की, अशा वाक्यांत उद्देश्याचे अस्तित्व सांगितलेले नसून पूर्वगृहीत असते, आणि ते नसेल तर वाक्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

आकृती हे केवळ शिकविण्याचे साधन असून सिद्धता नव्हे, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला जात असे. सुन-जू शिन यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्हेन-आकृतींना काटेकोर नियम घालून दिले आणि त्या नियमांनी अशुद्ध निष्कर्ष निघत नाही व शुद्ध निष्कर्ष सुटत नाही, हे सिद्ध केले. त्यामुळे छाया व फुली यांच्या आधारे दिलेला निर्णय हा अनुमानाचा पूर्ण पुरावा ठरतो. मात्र तो निर्णय देण्यापूर्वी परीक्षकाने एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले पाहिजे : येथे ‘सर्व’ म्हणताना वर्ग रिक्त असण्याची मुभा आहे की नाही? ऑयलरच्या वर्तुळांत हा प्रश्न विचारण्यास जागा नव्हती. व्हेनच्या वर्तुळांत ती मधल्या पांढऱ्या विभागाच्या रूपाने उपलब्ध झाली.