केइगो : जपानी कार्यालयीन बोलण्यातील आदरार्थी व नम्रार्थी क्रियापदे

जपानी भाषेतील आदरदर्शक बोलण्याला ‘केइगो’ म्हणतात. कार्यालयात त्यातली क्रियापदांची दोन रूपे सतत लागतात. ‘सोन्केइगो’ समोरच्याच्या कृतीला मान देते, तर ‘केन्जोगो’ स्वतःची किंवा आपल्या माणसाची कृती लहान करून सांगते. ग्राहकाने कागद पाहिला तर ‘गोरान नी नारु’, तोच आपण पाहिला तर ‘हाइकेन सुरु’. म्हणून क्रियापद निवडण्याआधी कृती कोणाची, हे ठरवावे लागते.

फक्त हुद्दा पाहून मात्र ही निवड होत नाही. ‘उची’ म्हणजे आपली माणसे आणि ‘सोतो’ म्हणजे बाहेरची. ही सीमा कुठे पडते, यावर सारे अवलंबून असते. मराठी माणूस नेमका इथे अडखळतो, कारण आपण बाहेरच्यालाही ‘साहेब जागेवर नाहीत’ असेच सांगतो. जपानी कार्यालयात सहकाऱ्याशी बोलताना विभागप्रमुख तानाका हे ‘तानाका काचो’ असतात आणि त्यांच्या असण्याला ‘इराश्शारु’ हे आदरार्थी क्रियापद लागते. ग्राहकाचा फोन आला, की तोच कर्मचारी म्हणतो, ‘तानाका वा तादाइमा सेकी ओ हाझुशिते ओरिमासु’ (तानाका आत्ता जागेवर नाहीत). हुद्दा गेला, ‘सान’ गेले आणि ‘ओरु’ हे नम्र रूप आले. यात साहेबांचा अपमान नाही, कारण ग्राहकापुढे अख्खी कंपनी एका बाजूला उभी असते. फोन तानाकांच्या पत्नीचा असेल तर सीमा पुन्हा सरकते. ती त्यांच्या घरची, कर्मचाऱ्याहून अधिक जवळची. तिच्याशी बोलताना तानाकांना हुद्दा आणि आदरार्थी क्रियापद दोन्ही परत मिळतात.

नम्र रूपांतही भेद आहे. जपान सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत केइगोचे पाच प्रकार मानले आणि केन्जोगोचे दोन भाग केले. पहिल्या भागातले ‘उकागाउ’ (जाणे, भेटणे, विचारणे) जिच्याकडे जायचे त्या व्यक्तीला मान देते. दुसऱ्यातले ‘माइरु’ (जाणे, येणे) ऐकणाऱ्यापुढे नम्रता दाखवते. त्यामुळे ग्राहकाच्या कचेरीत जाताना दोन्ही चालतात, पण धाकट्या भावाकडे जाताना ‘माइरिमासु’ बरोबर आणि ‘उकागाइमासु’ चूक. तिथे मान भावाला जाईल.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ग्राहकाच्या कृतीला नम्र रूप लावणे. ‘स्वागतकक्षात विचारा’ या अर्थी ‘उकेत्सुके दे उकागात्ते कुदासाई’ म्हटले, तर कानाला ते अदबशीर वाटते, पण त्यात ग्राहकाला आपल्याच स्वागतकक्षापुढे नमते घ्यायला लावले जाते. तिथे ‘ओकिकी कुदासाई’ हवे. उलट टोकाला, ‘ओश्शारु’ (म्हणणे) आधीच आदरार्थी असताना त्याला आणखी ‘रारेरु’ जोडून ‘ओश्शारारेरु’ म्हणणे हाही दोषच मानला जातो.