स्वयंसेवक सन्मानपत्र

स्वयंसेवक सन्मानपत्र म्हणजे विनामोबदला केलेल्या सेवेची नोंद घेऊन संस्थेने कृतज्ञतापूर्वक दिलेला लेखी दाखला होय. यास प्रशस्तिपत्र असेही म्हणतात. (सामासिक शब्द असल्याने यातील 'स्ति' ऱ्हस्व लिहितात, छापील पत्रांत मात्र 'प्रशस्तीपत्र' असेच बहुधा आढळते.) रायगड जिल्ह्यात पेणच्या गणेशोत्सवात किंवा रोह्यास कुंडलिका नदीच्या पुरानंतर सेवा करणाऱ्यांना असे पत्र देता येते.

मजकूर

पत्रात काम, स्थळ, दिनांक व वेळ स्पष्ट असावी. 'मोलाचे योगदान दिले' एवढ्याच वाक्यावरून नेमके काय केले, हे कळत नाही. महाविद्यालयात सेवेचे तास दाखवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास तसे पत्र निरुपयोगी ठरते. पेणमधील एखाद्या मंडळाचा नमुना असा असू शकेल:

> प्रमाणित करण्यात येते की, ............ यांनी अनंत चतुर्दशी, दि. १७ सप्टेंबर २०२४ रोजी पेण येथे भोगावती नदीकाठी सायंकाळी ४ ते रात्री ११ या वेळेत निर्माल्य संकलनाचे काम स्वेच्छेने व विनामोबदला केले. या सेवेबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे.

येथे 'यांनी … काम केले' हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद 'काम' या कर्माप्रमाणे चालत असल्याने स्त्री-पुरुष दोघांनाही एकच छापील मजकूर पुरतो आणि नावाचे सामान्यरूपही करावे लागत नाही. 'उपस्थित होते' असे छापल्यास स्त्रियांच्या पत्रात खाडाखोड करावी लागते.

मांडणी व किनार

सामान्यतः ए-४ आकाराचा (२९७ × २१० मिमी) जाड कागद आडवा वापरतात. किनार कागदाच्या कडेपासून १० ते १२ मिमी आत ठेवावी. ती कडेलगत असल्यास मुद्रणयंत्र तिचा काही भाग गाळते, शिवाय कागद किंचित तिरका कापला गेला तरी ते लगेच डोळ्यांत भरते. दुहेरी रेघ पुरेशी होते. वेलबुट्टी चार कोपऱ्यांतच शोभते. पेणच्या पत्रावर गणेशप्रतिमा असणे स्वाभाविकच, परंतु ती शिरोभागी लहान असावी. अक्षरांमागे गडद छापल्यास अनुस्वार, रफार व वेलांट्या तिच्यात हरवतात. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव मावण्यासाठी सुमारे १२ सेंमी जागा लागते.

स्वाक्षऱ्या

डावीकडे कार्यवाह, उजवीकडे अध्यक्ष व मध्ये संस्थेचा शिक्का अशी मांडणी सोयीची असते. प्रत्येक रेघ ५ ते ६ सेंमी लांब असावी व तिच्यावर किमान २ सेंमी जागा मोकळी सोडावी. रेघेखाली कंसात नाव व पद छापतात. शिक्का स्वाक्षरीच्या कडेला स्पर्श करील इतपतच उमटवावा, नावावर नव्हे. कोऱ्या पत्रांवर आगाऊ स्वाक्षऱ्या घेऊन ठेवण्याची प्रथा धोक्याची आहे, कारण उरलेली पत्रे सेवा न केलेल्यांच्या नावेही भरली जाऊ शकतात. यासाठी प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक घालून तोच मंडळाच्या नोंदवहीत स्वयंसेवकाच्या नावापुढे लिहितात.