कात्री हरवलेलं रक्त

१९२४ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात सोळा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. ताप, चेहरा पांढराफटक, हातांत वेदना आणि अशक्तपणा, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. काही दिवसांत शरीराची एक बाजू लुळी पडली, मग ती बेशुद्ध झाली आणि गेली. आजार सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत सगळं संपलं.

एली मॉशकोविट्झ नावाच्या डॉक्टरांनी तिच्या अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. पण हृदयातल्या आणि मूत्रपिंडातल्या अगदी शेवटच्या, केसाहून बारीक वाहिन्यांत काचेसारख्या दिसणाऱ्या गुठळ्या जागोजागी अडकलेल्या होत्या. असं आधी कुणी नोंदवलेलं नव्हतं. मॉशकोविट्झ यांनी अंदाज बांधला की तिच्या रक्तात एखादं जबरदस्त विष असावं, जे पेशी एकमेकांना चिकटवतं आणि तांबड्या पेशी फोडतं. हा अंदाज लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या आजाराला नंतर लांबलचक नाव मिळालं: थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा, थोडक्यात टीटीपी. नाव अवघड असलं तरी अर्थ सरळ आहे. गुठळ्या होतात, प्लेटलेट कमी होतात, त्वचेवर जांभळे-लाल डाग येतात. आता यातली गंमत पाहा. प्लेटलेट कमी झाल्या तर रक्त वाहायला हवं, गोठायला नको. इथे दोन्ही एकत्र चाललेलं असतं. कारण प्लेटलेट नाहीशा झालेल्या नसतात, त्या गुठळ्यांमध्ये खर्ची पडलेल्या असतात.

१९६६ साली अमोरोसी आणि उल्टमन या दोघांनी तोवर नोंदलेल्या २७१ रुग्णांचा आढावा घेतला. दहापैकी नऊ जण दगावले होते. स्टिरॉइड दिलं, प्लीहा काढून टाकली, रक्त पातळ करणारी औषधं दिली, पण आकडा फारसा हलत नव्हता. चाळीस वर्षं हातात काही नसताना डॉक्टर जे करतात तेच इथे चाललं होतं, जे सापडेल ते करून पाहणं.

आणि त्यातूनच वाट सापडली. १९७६ मध्ये बुकोवस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त काढून त्याजागी दात्यांचं रक्त भरलं, आणि काही रुग्ण सुधारले. वाटलं, विष बाहेर गेलं. पण १९७७ मध्ये बायर्न्स आणि खुराणा यांच्या हाती एक असा रुग्ण होता ज्याला आजार पुन्हा पुन्हा उलटत होता. त्याला नुसता प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून घेतल्यावर उरणारा रक्ताचा पिवळसर द्रव, चढवला तरी तो बरा होत असे. काही काढलं नव्हतं, फक्त घातलं होतं. मग विषाचं काय?

पुढच्याच वर्षी अपशॉ यांनी एका २९ वर्षांच्या बाईंची हकिकत छापली. अकरा वर्षांत तिला असे ३२ झटके आले होते. दर वेळी प्लाझ्मा चढवला की प्लेटलेट वर येत. अपशॉ यांनी निष्कर्ष काढला की निरोगी माणसाच्या प्लाझ्मात असं काहीतरी आहे जे या बाईंकडे जन्मापासूनच नाही. त्याआधी १९६० साली शुल्मन यांनीही एका आठ वर्षांच्या मुलीबद्दल असंच लिहिलं होतं. या जन्मजात प्रकाराला आज दोघांचीही नावं जोडून ओळखतात.

म्हणजे इलाज सापडला, पण कशावर इलाज केला ते माहीत नव्हतं. मला या इतिहासात हाच टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. नीट नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी कारण कळेपर्यंत हात बांधून बसायचं नाकारलं, पण कारण कळल्याचं सोंगही केलं नाही.

आता जरा त्याच १९२४ सालात, पण फिनलंडमध्ये जाऊ. एरिक फॉन विलेब्रांड नावाच्या डॉक्टरांकडे हेलसिंकीला ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी आणली गेली. तिचा आजार अगदी उलटा होता, रक्त थांबायचंच नाही. त्या कुटुंबात बऱ्याच जणांना तसंच होतं. पुढे कळलं की रक्तात एक लांब धाग्यासारखं प्रथिन असतं, जे जखमेच्या ठिकाणी प्लेटलेटना धरून ठेवतं. त्याला फॉन विलेब्रांड घटक म्हणतात. या मुलीत त्याचा अभाव होता. न्यूयॉर्कची मुलगी आणि ऑलंडची मुलगी एकाच धाग्याच्या दोन टोकांना होत्या, हे समजायला मात्र जवळजवळ साठ वर्षं गेली.

१९८२ मध्ये ह्यूस्टनच्या जोएल मोक यांनी टीटीपी पुन्हा पुन्हा होणाऱ्या चार रुग्णांचं रक्त तपासलं. त्यात फॉन विलेब्रांड धागे प्रमाणाबाहेर लांब निघाले. वाहिन्यांच्या आतल्या पेशी हा धागा अतिशय लांब स्वरूपातच सोडतात, आणि निरोगी रक्तात तो लगेच कापला जातो. मोक यांचा तर्क असा की या रुग्णांकडे कापणारं काहीतरीच नसावं.

सुतळीचा गुंडा डोळ्यांसमोर आणा. गुंडाळलेला असेपर्यंत त्याला काही चिकटत नाही. बारीक वाहिनीत रक्त जोरात वाहतं, त्या ओढीने सुतळी उलगडून ताणली जाते आणि तिच्या चिकट जागा उघड्या पडतात. प्लेटलेट येऊन बसू लागतात. नेमकी ताणलेली सुतळी कापणारी कात्री रक्तात फिरत असते. ती नसेल तर प्लेटलेट साचत जातात आणि वाट बुजते. तांबड्या पेशी त्या अर्धवट बुजलेल्या वाटेतून घासून जाताना फाटतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे तुकडे दिसतात, कुठे शिरस्त्राणासारखे, कुठे त्रिकोणी.

ती कात्री १९९६ मध्ये बर्नचे मिहा फुर्लान आणि न्यूयॉर्कचे हान-मौ त्साय यांना स्वतंत्रपणे सापडली. १९९८ मध्ये दोघांचेही लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. जन्मजात रुग्णांत कात्री बनतच नाही. पण बहुतेक रुग्ण मोठेपणी आजारी पडतात, आणि त्यांच्यात शरीर स्वतःच त्या कात्रीविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. २००१ मध्ये तिचा जनुक सापडला आणि नाव पडलं ॲडॅम्ट्स-१३.

मॉशकोविट्झ यांचं विष खरंच होतं तर! फक्त ते पेशींना चिकटवत नव्हतं, ते कात्री निकामी करत होतं. आणि अपशॉही बरोबर होते, प्लाझ्मात काहीतरी कमी होतं. म्हणूनच काढणं आणि घालणं दोन्ही लागतं. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये तेच होतं. यंत्र रुग्णाचं रक्त बाहेर घेतं, पेशी वेगळ्या करून परत देतं, प्लाझ्मा टाकून देतं आणि त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा भरतं. जुन्याबरोबर प्रतिपिंडं आणि अतिलांब धागे जातात, नव्याबरोबर कात्री येते.

साठ किलो वजनाच्या एका बाईचा हिशोब करू. अंगात प्लाझ्मा सुमारे २.४ लिटर. दात्याची पिशवी दोनशे मिलीलिटरची धरली तर एका बैठकीला बारा पिशव्या. एवढं करूनही जुना प्लाझ्मा पूर्ण जात नाही, कारण नवा आत येता येता जुन्यात मिसळतो आणि तेच मिश्रण बाहेर निघत राहतं. एका बदलानंतर सुमारे ३७ टक्के जुना उरतो. शिवाय बरीच प्रतिपिंडं वाहिन्यांबाहेर ऊतींमध्ये दडलेली असतात, ती रात्रीतून परत रक्तात येतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा पिशव्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्लेटलेट दीड लाखाच्या वर जाऊन किमान दोन दिवस तिथे टिकेपर्यंत हे रोज चालतं. आठ दिवस लागले तर शंभराच्या आसपास अनोळखी माणसांचा प्लाझ्मा एका देहातून जातो.

नुसता प्लाझ्मा चढवून का भागत नाही? कॅनडात गेल रॉक आणि सहकाऱ्यांनी १०२ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले आणि १९९१ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांत, बदल केलेल्या ५१ पैकी ११ दगावले, नुसता चढवलेल्या ५१ पैकी १९. एक आक्षेप मात्र तेव्हापासून आहे: बदल केलेल्यांना प्लाझ्माही कितीतरी जास्त मिळाला होता, मग फायदा काढण्याचा की जास्त घालण्याचा? पण तो आक्षेप व्यवहारात फारसा उरत नाही. दोन-अडीच लिटर द्रव रोज नुसता आत घातला तर फुप्फुसांत पाणी भरेल. काढल्याशिवाय एवढा घालताच येत नाही. जन्मजात रुग्णाला मात्र थोडा प्लाझ्मा पुरतो, कारण तिथे कात्री मोडणारं कुणी नसतं. आलेली कात्री दोन-तीन दिवसांनी निम्मी उरते, पण थोडक्यातही काम भागतं.

आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट वीस हजार म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी डेंग्यू. बहुतेक वेळा तो असतोही. पण हिमोग्लोबिन घसरतंय, एलडीएच फार वाढलंय, रक्त गोठण्याच्या पीटी-एपीटीटी चाचण्या मात्र जवळपास ठीक आहेत, रुग्ण मधेच असंबद्ध बोलतोय, अशा वेळी काचपट्टीवर तांबड्या पेशींचे तुकडे शोधायलाच हवेत. ते दिसले तर टीटीपीचा विचार त्याच क्षणी. ॲडॅम्ट्स-१३ची पातळी दहा टक्क्यांखाली आली की निदान पक्कं होतं, पण तो अहवाल यायला दिवस लागू शकतात. नमुना प्लाझ्मा देण्याआधी घ्यायचा आणि अहवालाची वाट न पाहता बदल सुरू करायचा. जवळ यंत्र नसेल तर रुग्ण हलवेपर्यंत नुसता प्लाझ्मा सुरू ठेवतात. आणि आकडा कमी दिसतो म्हणून सवयीने प्लेटलेट चढवायच्या नाहीत, जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच. एरवी त्या बुजणाऱ्या वाटेत आणखी भर पडते.

प्लाझ्मा बदलला तरी प्रतिपिंडांचा कारखाना चालूच असतो. त्यासाठी स्टिरॉइड आणि रिटुक्सिमॅब देतात. २०१८ मध्ये युरोपात कॅप्लासिझुमॅबला मान्यता मिळाली. हे औषध धाग्याच्या चिकट जागाच झाकून टाकतं, त्यामुळे प्लेटलेट बसत नाहीत, पण ते फार महाग आहे आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतं. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत बनवलेल्या कात्रीलाच मान्यता मिळाली, जन्मजात प्रकारासाठी. एवढं सगळं होऊनही आज टीटीपीचे दहापैकी एक-दोन रुग्ण पहिल्या झटक्यात जातात, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना तो पुन्हा गाठतो. त्यामुळे बरं झाल्यावरही ॲडॅम्ट्स-१३ची पातळी अधूनमधून मोजत राहतात. ती घसरू लागली की प्लेटलेट पडायच्या आधीच रिटुक्सिमॅब देता येतं.