मधमाश्यांच्या अंगणातला दिवा

पतंगांच्या अभ्यासात वापरतात त्या प्रकाश सापळ्याचं घराणं सांगताना १९५० साल हमखास येतं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एच. एस. आणि पी. जे. एम. रॉबिन्सन यांनी पाऱ्याच्या वाफेचा दिवा, त्याखाली नरसाळं आणि नरसाळ्याखाली पेटी अशी रचना मांडली. त्याआधी १९३०च्या दशकात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात सी. बी. विल्यम्स सापळ्यात सापडलेले कीटक रात्रीमागून रात्र मोजत होते. माझ्या मते हे सारे नातू-पणतू. मूळ पुरुष रोमन मधपाळाच्या अंगणात बसला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्लाने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या नवव्या भागात मधमाश्या आहेत. पोळ्यांना छळणारे पतंग माल्वा फुलते तेव्हा फार माजतात, असं सांगून तो उपाय देतो: संध्याकाळी पोळ्यांच्या मधोमध काशाचं उंच, अरुंद भांडं ठेवा आणि तळाशी दिवा सोडा. हे भांडं अंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्यासारखं, म्हणजे आपल्या बंबाचा जातभाई. पतंग ज्योतीभोवती जमतात आणि होरपळतात, कारण अरुंद जागेतून त्यांना सहज वर उडता येत नाही आणि भिंतींमुळे आगीपासून दूरही सरता येत नाही.

हे पतंग कोणते, हा प्रश्न मला आंबोलीच्या पावसाळी रात्री नव्याने पडला. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं घेऊन आम्ही पांढरा पडदा ताणला होता. आभाळ भरलेलं, चंद्र नाही, वारा पडलेला. पतंगांसाठी याहून चांगली रात्र नसते. एका विद्यार्थिनीला फिकट हिरवा, लांब शेपटांचा चंद्रपतंग चित्रावरून ओळखता आला. बाकी सारा पडदा तिला अनोळखी होता. खालच्या कडेला अंगठ्याएवढ्या जाड अंगाचा एक पतंग बसला होता. पाठीवर कवटीसारखी पिवळट खूण, पोटावर पिवळे-काळे पट्टे. तिने बोट लावलं आणि तो चिरकला.

“सर, पतंग ओरडतो?”

“ओरडतो. सोंड बघ, किती आखूड आणि जाड आहे. तिच्यातून हवा आत घेतो आणि बाहेर फेकतो.”

“एवढ्याशा सोंडेने फुलातल्या मधापर्यंत कसा पोचणार?”

“फुलातला नाही. हा थेट पोळ्यात घुसतो.”

तो ॲकेरॉन्शिया होता. याची अळी आपल्याकडे तिळाच्या शेतात दिसते: बोटापेक्षा लांब, मागच्या टोकाला शिंग. कोलुमेल्लाचा उपाय मी मुलांना सांगितला होता, म्हणून मुलीने लगेच विचारलं, मग रोमन लोकांचा चोर हाच का?

मोह होतो, पण नाही. युरोपात याचा भाऊबंद आहे आणि तोही मध चोरतो. मात्र तो एकेकटा येतो. कोलुमेल्ला झुंडींबद्दल बोलतो आणि पोळ्यातल्या अळ्या व पतंग एकाच दमात मारायला सांगतो. हे वर्णन बसतं ते लहानशा, राखाडी मेणपतंगाला, ज्याची अळी मेणात बोगदे करते आणि मागे जाळी सोडते.

माझ्या कुळकथेवर मुख्य आक्षेप असा, की सापळा जन्मला तो रस्त्यावरच्या दिव्यांखाली पतंग गोळा करणाऱ्या हौशी लोकांमुळे. रोमन भांड्याशी त्याचा संबंध नाही. मधली साखळी सलग दाखवता येत नाही, हे खरं. पण कोलुमेल्ला १४७२ मध्ये व्हेनिसला छापला गेला आणि त्यानंतर युरोपातले जमीनदार त्याला वाचतच राहिले. शिवाय रस्त्यावरचा दिवा पतंगांना नुसता बोलावतो, अडकवत नाही. सापळ्याचा प्राण आहे तो परतीची वाट बंद करणाऱ्या भिंतीत, आणि ती भिंत कोलुमेल्लाकडे आहे.

त्याचं निरीक्षण किती नेमकं होतं, हे २०२४ मध्ये कळलं. पतंग दिव्याला चंद्र समजून वाट चुकतात, असं अनेक वर्षं सांगितलं जाई. सॅम्युअल फेबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं तेव्हा वेगळंच दिसलं. कीटक उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण निसर्गात रात्रीही उजळ बाजू म्हणजे आभाळ. दिवा बाजूला असला की ते त्याच्याभोवती घिरट्या घालतात. दिवा खाली असला की उलटे होतात आणि कोसळतात. तळाशी दिवा असलेल्या भांड्यातून पतंग वर का येत नाही, त्याचं उत्तर हेच.

म्हणून पडदा लावणाऱ्यांना एवढंच सांगणं: दिवा जमिनीवर वर तोंड करून ठेवू नका, पडद्यासमोर उंचावर टांगा. आणि पहाटेच्या आधी विझवून पडदा हलक्या हाताने झटका, नाहीतर उजाडताच कोतवाल पक्षी येऊन पडद्यावरचे पतंग टिपून नेतात.