डॅशबोर्डची रचना-तपासणी

डॅशबोर्डची रचना-तपासणी : व्यवसायाची चालू स्थिती एका पडद्यावर दाखवणाऱ्या माहितीफलकात कोणता आकडा ठळक असावा, रंगांना कोणता अर्थ दिला आहे आणि आलेखांची गर्दी वाचणाऱ्याच्या आड कुठे येते, हे क्रमाने पाहण्याची पद्धत. ‘डॅशबोर्ड’ हा शब्द घोडागाडीतून आला. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानापुढे जी फळी लावत, तिचे हे नाव. मोटारीत त्याच जागी वेगाचे आणि इंधनाचे काटे आले, आणि पुढे तो शब्द कचेरीतल्या संगणकावर पोचला. व्यवसायासाठीच्या अशा फलकांच्या रचनेवर अमेरिकी सल्लागार स्टीफन फ्यू यांचे पुस्तक 2006 साली प्रसिद्ध झाले. एका नजरेत सगळे दिसावे म्हणून माहिती एकाच पडद्यावर बसवणे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

तपासणी बहुधा आलेखांच्या दिसण्यापासून सुरू केली जाते. हा क्रम उलटा आहे. आधी हा पडदा कोण पाहतो, किती वाजता पाहतो आणि पाहून लगेच काय करतो, हे एका वाक्यात लिहून घ्यावे लागते. ते वाक्य लिहिता आले नाही, तर कोणता आलेख जादा आहे हे ठरवायला आधारच उरत नाही.

उदाहरणासाठी एका जिल्हा दूध संघाचा नमुना-फलक घेऊ. त्यातले आकडे समजुतीसाठी आहेत. संघाची 9 शीतकरण केंद्रे आहेत आणि त्यांना 210 गावसंस्था दूध घालतात. सकाळचे संकलन आटोपल्यावर साडेनऊला संकलन विभागाचा प्रमुख पडदा उघडतो. दूध कुठे कमी आले, हे कळून त्याला दहाच्या आत फोन लावायचे असतात, कारण गाडी वाटेत बंद पडली असेल तर थंड न केलेले दूध फार वेळ तग धरत नाही. त्याच्यापुढच्या पडद्यावर मात्र 14 आलेख आहेत. वर सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘चालू महिन्याचे एकूण संकलन 22,32,000 लिटर’ असे लिहिले आहे. त्याखाली चार काटेदार तबकड्या, नऊ केंद्रांच्या वाट्याचा जाड कडेचा त्रिमिती पाय-आलेख आणि नऊ रंगांच्या नऊ रेषा एकमेकींत गुंतलेला एक आलेख आहे. आजच्या सकाळचा आकडा कोपऱ्यातल्या तक्त्यात, तिसऱ्या ओळीत सापडतो.

एकूण संकलनाचा तो मोठा आकडा खरा आहे, पण महिन्याच्या 18 तारखेला तो जवळजवळ हलतच नाही. एका केंद्राचे सकाळचे 3,900 लिटर गायब झाले, तरी त्यात 0.17 टक्के इतकाच फरक पडतो. ठळकपणाची पहिली चाचणी यातूनच निघते : वाईट दिवस उजाडला, तर हा आकडा डोळ्यांना दिसेल इतका बदलेल का? बदलणार नसेल, तर तो अहवालात हवा. सकाळच्या पडद्याच्या माथ्यावर नको.

मग माथ्यावर काय हवे? आजची सकाळ 62,400 लिटर आणि शेजारी गेल्या आठवड्यातल्या याच वाराची सकाळ 66,900 लिटर. घट 4,500 लिटरची, म्हणजे 6.7 टक्के. तुलनेशिवाय एकटा आकडा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. मात्र तुलना कशाशी करायची, यात चूक झाली तर फलक रोज खोटी हाक देतो. दुधात पुष्टकाळ आणि कृशकाळ असतात. उन्हाळा चढू लागला की संकलन उतरतेच. अशा वेळी ‘मागच्या महिन्यापेक्षा कमी’ हे वाक्य ऋतूबद्दल बोलत असते, कामाबद्दल नव्हे. म्हणून जवळची तुलना मागच्या आठवड्याशी आणि लांबची मागच्या वर्षीच्या याच पंधरवड्याशी ठेवतात.

या उदाहरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पडद्यावर कुठेच नाही. 210 पैकी 199 संस्थांचीच नोंद आली आहे. उरलेल्या 11 संस्था एकाच केंद्राच्या, एकाच गाडीच्या वाटेवरच्या आहेत. म्हणून त्या केंद्राचे संकलन 8,100 वरून 4,200 लिटरवर उतरलेले दिसते. आलेल्या 199 संस्थांचीच मागच्या आठवड्याशी तुलना केली, तर 63,100 विरुद्ध 62,400, म्हणजे घट फक्त 1.1 टक्का उरते. दूध कमी झालेले नाही. एक गाडी पोचलेली नाही किंवा तिची नोंद चढलेली नाही. प्रमुखाने फोन गावसंस्थांना न करता त्या गाडीच्या चालकाला करायचा आहे. ‘माहिती आली नाही’ आणि ‘दूध आले नाही’ या दोन गोष्टी शून्य या एकाच आकड्यात मिसळल्या, की फलक चुकीच्या माणसाला फोन करायला लावतो. म्हणून मुख्य आकड्याला चिकटूनच ‘210 पैकी 199 संस्था, सकाळी 9.25 पर्यंत’ अशी ओळ हवी. माझ्या मते बहुतेक फलकांत ठळक जागेचा सर्वांत मोठा हक्क याच ओळीचा असतो, आणि बहुधा तिलाच जागा मिळत नाही.

सरासरीही अशीच तपासावी लागते. एका केंद्राचे 10,000 लिटर दूध 3.6 फॅटचे आणि दुसऱ्याचे 1,000 लिटर 4.2 फॅटचे असेल, तर दोन आकड्यांची साधी सरासरी 3.9 येते, लिटरच्या प्रमाणात काढलेली 3.65. फलकाने कोणती काढली आहे, हे सूत्र उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. गाय आणि म्हैस यांची एकत्र सरासरी तर मुळीच ठेवू नये. म्हशीच्या दुधाचा वाटा घटला की एकत्रित फॅट खाली येते, आणि दोन्ही दुधांची प्रत जशीच्या तशी असतानाही पडदा प्रत घसरल्याचे सांगतो.

रंगांची तपासणी करताना पडद्यावरच्या प्रत्येक रंगाची यादी करून त्यापुढे अर्थ लिहितात. नमुना-फलकात लाल रंग चार कामे करतो : संघाच्या बोधचिन्हाचा रंग, म्हशीच्या दुधाची ओळख, उद्दिष्टापेक्षा कमी संकलनाचा इशारा आणि नऊ रेषांपैकी एका केंद्राची रेषा. त्यामुळे ते केंद्र रोजच संकटात असल्यासारखे दिसते. एका रंगाला एकच अर्थ, हा नियम इथे सर्वांत जास्त मोडतो. इशाऱ्याचा रंग इशाऱ्यासाठीच राखून ठेवावा, गाय-म्हैस ओळखीला निळा आणि तपकिरी यांसारखे शांत रंग द्यावेत आणि न आलेल्या माहितीला राखाडी. वरच्या उदाहरणातले ते केंद्र लाल नव्हे, राखाडी दिसायला हवे होते.

लाल म्हणजे वाईट, हेही सर्वत्र खरे नाही. भारतातल्या शेअर बाजाराच्या पडद्यावर चढता भाव हिरवा असतो. चीनमध्ये चढता भाव लाल दाखवतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्क्यांना ही अडचण असते. स्त्रियांत ती फार विरळा आहे, आणि इतर अनेक लोकसमूहांत प्रमाण त्याहून कमी आढळते. तरी शंभर माणसांच्या कचेरीत दोन-चार जण असे निघू शकतात, आणि ते आपण होऊन सांगतीलच असे नाही. तपासायला सोपा मार्ग म्हणजे पडद्याची काळी-पांढरी छापील प्रत काढणे : त्या कागदावर इशारा ओळखू आला नाही, तर तो केवळ रंगावर टांगलेला आहे. क्रोम ब्राउझरच्या विकसक-साधनांत Rendering या भागात ‘Emulate vision deficiencies’ ही सोय आहे. तीत Deuteranopia निवडले की पडदा अशा डोळ्यांना कसा दिसत असेल याचा अंदाज येतो. उपाय साधाच असतो : रंगाच्या जोडीला खाली वळलेला बाण किंवा ‘कमी’ हा शब्द.

इशारा कोणत्या आकड्यावर पेटतो, हे मागच्या 30 दिवसांची माहिती लावून पाहावे. 30 पैकी 26 दिवस लाल पेटला असेल, तर उंबरठाच चुकला आहे. त्या लाल रंगाकडे आठवड्याभरात कोणी बघेनासे होते, आणि ज्या सकाळी खरोखर गाडी बंद पडते, तेव्हा तो वाया गेलेला असतो. एकदाही पेटला नसेल, तर त्या महिन्यात काही बिघडले होते का, हे विभागाला विचारून घ्यावे.

गर्दीची तपासणी शेवटी ठेवली की ती लवकर होते, कारण कोणता आकडा हवा हे तोवर ठरलेले असते. एडवर्ड टफ्टी यांनी 1983 च्या पुस्तकात आलेखातील किती शाई प्रत्यक्ष माहितीवर खर्च होते, हे पाहायला सांगितले आणि निव्वळ सजावटीला ‘चार्टजंक’ हे नाव दिले. प्रत्यक्षात करायचे एवढेच : पडद्यावरचा एकेक घटक कागदाने झाकावा आणि आता कोणते काम अडले, हे वापरणाऱ्याला विचारावे. जाड चौकट, सावली, मागची जाळी, प्रत्येक स्तंभावर लिहिलेला पैशापर्यंतचा आकडा झाकल्यावर काहीच अडत नाही. तबकड्यांचेही तसेच, बरीच जागा घेऊन प्रत्येक तबकडी एकच आकडा सांगते.

पाय-आलेख का खटकतो, यामागे प्रयोग आहेत. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 मध्ये दाखवले की एकाच मोजपट्टीवरची जागा माणसे सर्वांत अचूक वाचतात, लांबी आणि कोन त्याहून कमी अचूक. त्रिमिती आलेखात तर पुढचा तुकडा जाड कडेमुळे आणखी मोठा भासतो. नऊ केंद्रांसाठी नऊ आडवे स्तंभ, घटीच्या क्रमाने लावलेले आणि शून्यापासून सुरू होणारे, पुरेसे आहेत. प्रत्येकावर मागच्या आठवड्याची एक बारीक खूण असली की झाले. स्तंभ शून्याऐवजी 4,000 पासून सुरू केला, तर 8,100 आणि 4,200 यांतले दुपटीहून थोडे कमी असलेले अंतर वीसपटीचे दिसेल. रेषेच्या आलेखाला हा नियम तितका कडक नाही, कारण तिथे डोळा लांबी न पाहता चढउतार पाहतो. गुंतलेल्या नऊ रेषांऐवजी एकाच मापाच्या नऊ लहान चौकटी ठेवल्या, तर नऊ रंग लागतच नाहीत.

साफसफाईलाही मर्यादा आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की चित्रांनी सजवलेले आलेख लोकांच्या जास्त दिवस लक्षात राहिले. वार्षिक सभेतल्या फलकाला हे लागू पडेल. रोज सकाळी उघडायच्या पडद्याला लक्षात राहण्याची गरज नसते. आणि मोजपट्टीचे एकक, तारीख, ‘लिटर’ की ‘किलो’ हा शब्द काढून टाकणे म्हणजे सफाई नव्हे. संघात दोन्ही मापे चालतात आणि दुधाचे 1 लिटर 1 किलोपेक्षा थोडे जड भरते.

बदललेला पडदा बनवणाऱ्याने स्वतः तपासू नये. तो प्रमुखाला पाच सेकंद दाखवून झाकावा आणि ‘आता पहिला फोन कोणाला?’ एवढेच विचारावे. त्याने त्या वाटेच्या गाडीवाल्याचे नाव घेतले तर ठळक जागा बरोबर आहे. त्याने महिन्याचा एकूण आकडा सांगितला, तर मांडणी पुन्हा हलवावी लागते.