डिजिटल वारसा: मृत्यूची तरतूद एक, आजारपणाची दुसरी

एखाद्या व्यक्तीची ईमेल, छायाचित्रे, बँक व्यवहार, गुंतवणुकीची विवरणपत्रे आणि विम्याची कागदपत्रे आज मुख्यतः ऑनलाइन खात्यांत असतात. ती व्यक्ती दगावल्यास किंवा गंभीर आजाराने अक्षम झाल्यास या खात्यांपर्यंत विश्वासू नातेवाइकाला कायदेशीर मार्गाने पोहोचता यावे, यासाठी आधीच केलेल्या व्यवस्थेला डिजिटल वारसा नियोजन म्हणतात. भारतात उपलब्ध असलेल्या बहुतेक सुविधा मृत्यूनंतरच लागू होतात. रुग्ण हयात आहे, पण फोन हाताळू शकत नाही, अशा अवस्थेसाठी वेगळी तरतूद करावी लागते आणि बहुतेक कुटुंबांच्या नियोजनात नेमकी तीच राहून जाते.

नॉमिनी केव्हा उपयोगी पडतो?

बँक खात्यावर नोंदवलेल्या नॉमिनीचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. खातेदार अतिदक्षता विभागात असताना नॉमिनी त्याच्या खात्यातून एक रुपयाही काढू शकत नाही. मुखत्यारपत्राचीही अशीच मर्यादा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाल्यास एजन्सी संपुष्टात येते. त्यामुळे पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने पूर्वी करून दिलेले मुखत्यारपत्र सर्वाधिक गरजेच्या वेळीच निरुपयोगी ठरू शकते. अशा वेळी कुटुंबाला न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश मिळवावा लागतो.

यावरचा सोपा उपाय म्हणजे दैनंदिन खर्चाचे खाते जोडीदारासह संयुक्त ठेवणे आणि त्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो, अशी सूचना नोंदवणे. मात्र दुसऱ्या खातेदाराचे स्वतःचे नेट बँकिंग आणि स्वतःचे डेबिट कार्ड सुरू असले पाहिजे. तसे नसल्यास संयुक्त खाते असूनही सगळी सूत्रे रुग्णाच्या फोनमध्येच अडकून राहतात. रुग्ण शुद्धीवर आहे, पण सही करू शकत नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार त्याचा अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीने स्वीकारता येतो. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

सर्व कुलपांची किल्ली: मोबाइल क्रमांक

ईमेल, बँक, डीमॅट आणि आधार यांची पडताळणी बहुधा एकाच मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने होते. म्हणून नियोजनाची सुरुवात या क्रमांकापासून करणे इष्ट. मृत्यूनंतर काही दिवसांतच सिम बंद करून टाकणे ही अनेक कुटुंबांकडून होणारी चूक होय. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर अडथळा येतो. रिचार्ज न झालेला आणि वापरात नसलेला प्रीपेड क्रमांक ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांच्या अंतराने दुसऱ्या ग्राहकालाही दिला जातो. जुन्या खात्यांचे ओटीपी तेव्हा अनोळखी व्यक्तीच्या हाती पडण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी सर्व खात्यांचा निपटारा होईपर्यंत क्रमांक रिचार्ज करत राहावा आणि मृत्यू दाखल्याच्या आधारे तो वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी मोबाइल कंपनीकडे अर्ज करावा.

फोनच्या कुलपाचीही एक बाजू आहे. रुग्णालयाच्या धावपळीत फोनची बॅटरी संपली की तो पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदा बोटाचा ठसा किंवा चेहरा स्वीकारत नाही, पिन किंवा पासवर्डच मागतो. त्यामुळे फोनचा पिन घरातील एका व्यक्तीला ठाऊक असणे किंवा तो बंद लिफाफ्यात सुरक्षित असणे आवश्यक आहे. यूपीआयचा किंवा एटीएमचा पिन मात्र त्या लिफाफ्यात ठेवू नये. तो इतरांना देणे बँकेच्या अटींचा भंग ठरते आणि मृत्यूनंतर त्याचा वापर करून काढलेली रक्कम वारसांमधील वादाचे कारण बनते.

गूगल खात्याची व्यवस्था

गूगलने २०१३ मध्ये ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सुविधा सुरू केली. myaccount.google.com/inactive या पत्त्यावर ती मिळते. खाते किती काळ वापरात नसल्यास ते निष्क्रिय समजावे, हे वापरकर्ता ठरवतो. त्यासाठी ३, ६, १२ किंवा १८ महिने असे पर्याय आहेत. त्यानंतर जास्तीत जास्त १० व्यक्तींची नावे देता येतात आणि कोणाला ईमेल, छायाचित्रे किंवा ड्राइव्हमधील कागदपत्रे यांपैकी काय मिळावे, हे प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे निवडता येते. मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी गूगल खातेदाराला संदेश पाठवते. प्रतिसाद न आल्यास नेमलेल्या व्यक्तीला ईमेल जाते आणि त्या व्यक्तीच्या फोन क्रमांकाची पडताळणी झाल्यावर माहिती उतरवून घेता येते. त्यासाठी ३ महिन्यांची मुदत असते. नेमलेल्या व्यक्तीला पासवर्ड मिळत नाही, माहितीची प्रत मिळते.

या सुविधेत एक मेख आहे. खाते वापरात आहे की नाही, हे ठरवताना गूगल शेवटचे लॉगइन आणि जीमेलचा वापर यांबरोबरच अँड्रॉइड फोनने सर्व्हरशी साधलेला संपर्कही विचारात घेते. दिवंगत व्यक्तीचा फोन घरात चार्जिंगला लावलेला आणि इंटरनेटला जोडलेला राहिला, तर खाते सक्रियच दिसू शकते आणि मुदत सुरूच होत नाही. ठरवलेली मुदत उलटूनही कुटुंबाला काही कळले नाही, तर त्यामागे हे कारण असू शकते. शिवाय किमान मुदतच ३ महिन्यांची असल्याने अचानक आलेल्या आजारपणात ही सुविधा उपयोगी पडत नाही. दुसरीकडे, दोन वर्षे पूर्णतः वापरात नसलेले वैयक्तिक खाते गूगलच्या धोरणानुसार हटवले जाऊ शकते. म्हणून कोणतीच व्यवस्था न करणे हेही जोखमीचे आहे.

तातडीच्या प्रसंगासाठी द्विस्तरीय पडताळणीचे बॅकअप कोड अधिक उपयुक्त ठरतात. गूगल एका वेळी आठ अंकी १० कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हाती नसतानाही पासवर्ड आणि यांपैकी एक कोड वापरून खाते उघडता येते. नवीन कोड तयार केल्यास जुने सर्व रद्द होतात, त्यामुळे लिफाफ्यातील कागदही त्याच दिवशी बदलावा लागतो.

ॲपलची पद्धत

आयफोनवर डिसेंबर २०२१ पासून Legacy Contact ही सोय आहे. वापरकर्त्याला ५ व्यक्तींपर्यंत नेमणूक करता येते आणि प्रत्येकीसाठी एक प्रवेश किल्ली तयार होते. मृत्यूनंतर ही किल्ली आणि मृत्यू दाखला सादर केल्यावर ॲपल अर्ज तपासते. मंजुरीनंतर ३ वर्षांपर्यंत छायाचित्रे, संदेश आणि फाइल्स मिळू शकतात, नंतर खाते कायमचे हटवले जाते. किचेनमधील पासवर्ड, देयकांची माहिती आणि विकत घेतलेली गाणी किंवा चित्रपट मात्र वारसाला मिळत नाहीत. केवळ किल्ली किंवा केवळ दाखला पुरेसा नसल्याने किल्लीची छापील प्रत जपणे महत्त्वाचे आहे. आजारपणासाठी ही सोयही लागू नाही.

प्रवेश आणि मालकी

खात्यात प्रवेश मिळणे आणि त्यातील संपत्तीचा मालक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँकिंग कायद्यातील दुरुस्तीनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी ४ नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत नोंदवता येतो. तथापि, नॉमिनी ही रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारतो. शेअरच्या बाबतीतही नॉमिनीची नोंद वारसाहक्काच्या कायद्याला मागे टाकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मालकीचा प्रश्न मृत्युपत्राने सुटतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेले असल्याने ईमेलमध्ये लिहिलेली किंवा डिजिटल सही केलेली इच्छा मृत्युपत्र ठरत नाही, ते कागदावरच असावे लागते. गोव्यात वारसाहक्काचा स्वतंत्र कायदा लागू आहे, तर मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील नियमही वेगळे आहेत. मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नयेत, कारण न्यायालयीन प्रक्रियेत हा दस्तऐवज इतरांनाही पाहायला मिळू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधील कलम १४ मध्ये मृत्यू आणि अक्षमता या दोन्ही प्रसंगांसाठी व्यक्ती नेमण्याचा हक्क दिला आहे. तो वैयक्तिक माहितीसंबंधीच्या हक्कांपुरता आहे, त्याने पैशाची मालकी मिळत नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण

समजा, इंदूरमधील ६८ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांना पक्षाघात झाला. पत्नी त्यांच्याजवळ आणि मुलगी बंगळुरूत आहे. निवृत्तिवेतनाचे खाते संयुक्त असून पत्नीचे स्वतंत्र कार्ड सुरू आहे, म्हणून रुग्णालयाचा खर्च त्याच दिवशी भागतो. घरातील कपाटात असलेल्या बंद लिफाफ्यात फोनचा पिन, ईमेलचा पासवर्ड, बॅकअप कोड आणि खात्यांची यादी आहे. यादीत बँक, विमा कंपनी, म्युच्युअल फंड आणि वीजबिलाची नावे आहेत, पण कोणताही आर्थिक पिन नाही. लिफाफा केव्हा उघडावा आणि मुलीने काय करावे, हे वडिलांनी सही करून लिहून ठेवले आहे. मुलगी ईमेलमधून आरोग्य विम्याचा क्रमांक शोधते आणि दावा दाखल होतो.

त्यांची ५ लाख रुपयांची मुदत ठेव मात्र एकट्याच्या नावावर आहे. पत्नी नॉमिनी असली तरी ते हयात असल्याने आणि संमती देण्याच्या स्थितीत नसल्याने ती मोडता येत नाही. ठेव करतानाच पत्नीचे नाव संयुक्त खातेदार म्हणून घातले असते आणि मुदतपूर्व रक्कम काढण्याची लेखी सूचना बँकेला दिली असती, तर ही अडचण टळली असती. पुढे त्यांचे निधन झाल्यास क्रम बदलतो. मृत्यू दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्या लागतात, बँकांना कळवावे लागते आणि लिफाफ्याऐवजी प्रत्येक संस्थेची अधिकृत दावा प्रक्रिया वापरावी लागते. सिम मात्र शेवटचा दावा निकाली निघेपर्यंत चालू ठेवावे लागते.

ही व्यवस्था चालते की नाही, हे वर्षातून एकदा तपासता येते. नेमलेल्या नातेवाइकाने खातेदाराच्या उपस्थितीत, त्याचा फोन न वापरता, दुसऱ्या संगणकावरून एका बॅकअप कोडने ईमेल उघडून पाहावे. खाते उघडले, तर वापरलेला कोड यादीतून खोडावा. न उघडल्यास पासवर्ड किंवा कोड बदलला गेला आहे, असे समजून त्याच दिवशी लिफाफ्यातील कागद नव्याने लिहावा.