डझन, कोडी आणि ग्रोस

दहाचा आंकडा मोजण्यास सर्वांत सोपा असतांना केळीं डझनानें, चादरी कोडीनें आणि बटनें ग्रोसानें कां मोजावयाचीं, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याचें उत्तर मात्र वर्धा जिल्ह्यांतील सुताच्या गुंडीपाशीं फार चांगलें सांपडतें.

वर्ध्याजवळच्या सेगांवीं महात्मा गांधी १९३६ मध्यें राहावयास आले. १९४० मध्यें त्या गांवाला सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथें आणि खादीच्या इतर केंद्रांत हातसूत मोजण्याची एक ठराविक रीत होती. सूत फाळक्यावर गुंडाळीत. फाळक्याचा एक वेढा चार फुटांचा, त्यास तार म्हणत. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. हें सूत सुमारें ८५३ यार्ड भरे. गिरणीच्या सुताची लड ८४० यार्डांची, तिच्या तें अगदीं जवळ येई.

आतां कोणी ६४० वेढे एका दमांत मोजूं लागला आणि पांचशेंव्या वेढ्याला दारांत पाहुणा आला, तर ध्यानांतला आंकडा निसटतो आणि पांचशेंही वेढे पुन्हां मोजावे लागतात. परंतु दर १६० तारांना आडवा दोरा बांधला असेल, तर तीन लट्या, म्हणजे ४८० तार, पक्क्या झालेल्या असतात. संशय उरतो तो केवळ शेवटच्या वीस तारांचा. गट पाडल्यानें मोजण्याचे श्रम कमी होत नाहींत. चुकीचें क्षेत्र लहान होतें, हा खरा लाभ होय.

लटीच्या पोटांतही आणखी लहान गट पाडतां येतो. दर वीस तारांना अंगठा बोटाच्या एकेका पेरावर सरकवला, कीं आठ पेरांत लटी पुरी होते. हा वीसचा गट म्हणजेच कोडी. हातापायांचीं बोटें मिळून वीस होतात. म्हणून ऐंशींना ‘चार विसा’ म्हणणारी खेडुतांची भाषा आणि वीस मणांची खंडी हीं त्याच कुळांतलीं. इंग्रजींत वीसला स्कोअर म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ काठीवर पाडलेली खांच. दर वीस मेंढरांना एक खांच, म्हणजे मोजणाऱ्याची आठवण काठीनें सांभाळावयाची.

या रीतींत एक धोकाही आहे. सुटे मोजतांना एखादा तार चुकतो. गटानें मोजतांना पेर सरकवण्यांत गफलत झाली, तर एकदम वीस चुकतात. ही चूक तराजू सांगतो. एकाच जाडीच्या सुताच्या चार लट्यांपैकीं एक अष्टमांशानें हलकी भरली, तर एक कोडी गळली असें समजावें, कारण वीस हा १६० चा आठवा भाग आहे. सूतच कोठें बारीक, कोठें जाड असेल, तर मात्र ही कसोटी चालत नाहीं. तेथें पुन्हां मोजणें हाच उपाय.

डझनाचें कारण निराळें आहे. बाराचे अर्धे सहा, तिसरा भाग चार, चौथा भाग तीन; दहाला तीन किंवा चार वांटेकऱ्यांत सारखें वांटतां येत नाहीं. एका हाताच्या चार बोटांचीं पेरेंही बाराच भरतात. बारा डझनांचा ग्रोस; फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ मोठा डझन.

या गटांना आपल्या जुन्या नाण्यांनींही हात दिला. एका आण्याच्या बारा पै होत्या. त्यामुळें लिंबें सात आणे डझन असतील, तर एक लिंबू सात पैंना, हें गणित पाटी न घेतां सुटे. बटनांचा एक ग्रोस नऊ रुपयांना आणला, तर नऊ रुपयांचे आणे १४४; म्हणजे एक बटन एका आण्यास पडलें. दुकानदाराला भागाकार करण्याची गरजच नसे. इंग्लंडांतही बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असल्यामुळें डझन व कोडी यांच्या किंमती अशाच सरळ उतरत.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हा मेळ तुटला. आज साठ रुपये डझनाचें केळें पांच रुपयांस पडतें, हें झटकन सांगतां येतें; पण पन्नास रुपये डझन असतील, तर एका केळ्याची किंमत पैशांत पुरी बसत नाहीं. खादीची गुंडीही आतां १००० मीटरांची झाली. तरीही केळीं डझनानेंच मागितलीं जातात. कारण नाणें बदललें, तरी बारा केळीं तीन मुलांत किंवा चौघांत सारखीं वांटण्याची सोय तशीच राहिली आहे.